स्वस्त दुकान महाग का होत जातं? रिटेलच्या चाकामागचा हिशोब

प्रश्न: "व्हील ऑफ रिटेलिंग वाचलं. नवं दुकान स्वस्तात सुरू होतं, मग महाग होत जातं आणि दुसरं स्वस्त दुकान त्याची जागा घेतं. पण हे सगळ्यांना माहीत असताना कंपन्या महाग होतातच का? आणि छोटी दुकानं, सुपरमार्केट, ऑनलाइन मार्केटप्लेस हा सगळा क्रम या एकाच चाकाने समजतो का?"

पुस्तकातली आकृती बघितली की चाक आपोआप फिरत असल्यासारखं वाटतं. साखळी दुकानांचे खर्च आणि मार्जिन तपासणं हे माझं रोजचं काम आहे. तिथे आपोआप काही होताना दिसत नाही, एकामागून एक घेतलेले निर्णय दिसतात, आणि त्यातला प्रत्येक निर्णय त्या दिवशी शहाणपणाचाच असतो. म्हणून आधी कंपन्या महाग का होतात ते बघू. क्रमाचं उत्तर त्यातूनच निघेल, अर्ध्यापुरतं का होईना.

ही कल्पना मांडली हार्वर्डचे प्राध्यापक माल्कम मॅकनेअर यांनी, १९५८ मध्ये. त्यांच्या डोळ्यांसमोर सर्वांत ताजं उदाहरण सुपरमार्केटचं होतं, आणि चाक समजायला आजही तेच सर्वांत चांगलं आहे, कारण त्याची सुरुवात आकड्यांसकट कागदावर उतरलेली आहे.

१९३० साली मायकेल कलन हा अमेरिकेतल्या क्रोगर या किराणा साखळीत काम करत होता. तेव्हाची किराणा दुकानं लहान असायची. बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक यादी सांगे आणि माणूस आतून माल काढून देई. उधारी आणि घरपोच माल हाही धंद्याचा भाग होता. यातला एकेक खर्च कापायला आधीच सुरुवात झाली होती. ए अँड पी या साखळीने १९१२ पासून उधारी आणि घरपोच सेवा नसलेली दुकानं उघडली, तर १९१६ मध्ये मेम्फिसला पिगली विगलीने गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन माल स्वतः घ्यायला लावला. कलनने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, त्यात आकार आणि जागेचं भाडं यांचा विचार घातला आणि वरिष्ठांना पत्र लिहिलं: ३०० वस्तू खरेदी किमतीला विकू, २०० वस्तू खरेदीवर ५ टक्के चढवून, ३०० वस्तू १५ टक्के आणि आणखी ३०० वस्तू २० टक्के चढवून. एकूण विक्रीवर सरासरी ९ टक्के मार्जिन सुटेल, असा त्याचा अंदाज होता.

हे गणित करून बघण्यासारखं आहे. चारही गटांची साधी सरासरी काढली तर खरेदीवर साडेदहा टक्क्यांच्या जवळपास चढ येतो, म्हणजे विक्री किमतीच्या साडेनऊ टक्के. कलनने ९ धरले, म्हणजे स्वस्त गटातला माल थोडा जास्त खपेल हे त्याने गृहीत धरलं असावं. खरेदी किमतीला विकलेल्या ३०० वस्तू गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणणार आणि कमाई उरलेल्या ८०० वस्तूंवर होणार, अशी ही मांडणी होती. आजही कोणत्याही सुपरमार्केटची किंमत-यादी उघडली तर हाच सांगाडा सापडतो.

पत्राचा काही उपयोग झाला नाही, तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि ऑगस्ट १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका रिकाम्या गॅरेजमध्ये किंग कलन सुरू केलं. मंदीचे दिवस होते. मुख्य बाजारापासून दूर असल्याने जागेचं भाडं कमी होतं आणि गिऱ्हाइकं मोटारीने येत होती. १९३६ मध्ये कलन वारला तोवर त्याची डझनाहून जास्त दुकानं झाली होती.

इतक्या कमी मार्जिनवर धंदा कसा चालतो, ते एका काल्पनिक हिशोबाने सांगतो. दोन दुकानं धरा, दोघांच्याही फळीवर १०० चा माल. जुनं दुकान खरेदीवर २५ टक्के चढवतं आणि त्याचा माल वर्षात ८ वेळा फिरतो. वर्षाची खरेदी ८००, विक्री १०००, मार्जिन २००, म्हणजे विक्रीच्या २० टक्के. नवं दुकान फक्त १० टक्के चढवतं, पण किंमत कमी म्हणून माल २४ वेळा फिरतो. खरेदी २४००, विक्री २६४०, मार्जिन २४०, म्हणजे विक्रीच्या जेमतेम ९ टक्के. फळीवर अडकलेला पैसा तेवढाच, मार्जिन मात्र जास्त सुटलं. अट एकच: भाडं, पगार, वीज, नासधूस सगळं धरून खर्च विक्रीच्या ९ टक्क्यांच्या आत राहायला हवा. नव्या दुकानाची सगळी ताकद या अटीत आहे आणि पुढे मोडते तीही हीच अट.

आता चाक फिरायला लागतं. नव्या दुकानाचा खर्च १८५ धरू, म्हणजे २४० मधून ५५ उरतात. पद्धत चालते हे दिसल्यावर समोरच दुसरं तसंच दुकान उघडतं. भाव तेच, मालही तोच. विक्री १५ टक्क्यांनी घटून २२४४ वर येते आणि मार्जिन २०४ वर. खर्च तेवढ्या प्रमाणात घटत नाही, कारण भाडं आणि बहुतेक पगार ठरलेले असतात. तो फार तर १७५ वर येतो. उरतात २९.

मालकासमोर पर्याय काय? भाव आणखी पाडावा तर प्रतिस्पर्धी दुसऱ्या दिवशी तेवढाच पाडतो आणि दोघांचंही मार्जिन जातं. म्हणून तो दुसऱ्याला पटकन करता येणार नाही असं काहीतरी करतो. ताज्या मालाचा विभाग, चांगले दिवे, वातानुकूलन, जास्त वेळ उघडं दुकान, गल्ल्यावर दोन माणसं जादा. यावर ३० खर्च झाले असं धरू. गिऱ्हाईक परत येतं, विक्री पुन्हा २६४०, मार्जिन पुन्हा २४०. पण खर्च आता १८५ अधिक ३०, म्हणजे २१५. उरले २५. विक्री सगळी परत मिळवली आणि नफा मात्र २९ वरून २५ वर आला.

संचालकांच्या बैठकीत जो तक्ता समोर ठेवतात, तो नेमका या टप्प्यावरचा असतो. विक्री वाढलीय, गिऱ्हाईक खूश आहे, नफा तेवढा थोडा कमी पडतोय. कोणीतरी सुचवतं की दुकान आता इतकं चांगलं झालंय, दोन टक्के जास्त चढवले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. १० ऐवजी १२ टक्के चढवा: विक्री २६८८, मार्जिन २८८, खर्च २१५, उरले ७३. सुरुवातीच्या ५५ पेक्षाही जास्त. आणि गिऱ्हाईक खरंच तुटत नाही, कारण समोरचा मालकही याच हिशोबाने त्याच निर्णयावर आलेला असतो. काही महिन्यांत त्याचंही दुकान सजतं, विक्री पुन्हा वाटली जाते, आणि पुढची फेरी सुरू होते.

अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की ९ टक्क्यांवर सुरू झालेलं दुकान १८-२० टक्क्यांवर पोचलेलं असतं. यात कोणी मूर्खपणा केलेला नसतो. कंपन्या महाग का होतात याचं माझं उत्तर हेच आहे: त्यांची स्पर्धा आपल्यासारख्याच दुसऱ्या दुकानाशी चाललेली असते. वाढलेल्या मार्जिनच्या खाली जी जागा रिकामी होत जाते, तिथे अजून कोणी उभंच नसतं, म्हणून ती तक्त्यात दिसत नाही.

अमेरिकन सुपरमार्केटचं दुसऱ्या महायुद्धानंतर नेमकं असंच झालं. गॅरेजची जागा चकचकीत इमारतींनी घेतली, मोठे वाहनतळ आले, आणि १९५० च्या दशकात खरेदीवर ट्रेडिंग स्टॅम्प द्यायची चढाओढ लागली. ही तिकिटं पुस्तिकेत चिकटवून बदल्यात भेटवस्तू मिळायच्या. त्यांचा खर्च अर्थातच दुकानाच्या मार्जिनमधून जायचा. पहिल्या दुकानाने स्टॅम्प दिले तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळालं, सगळ्यांनी दिल्यावर कोणालाच जादा मिळालं नाही आणि खर्च तेवढा मागे राहिला.

ही गोष्ट फक्त किराण्याची नाही. यूजीन फर्काफ यांनी १९४८ मध्ये मॅनहॅटनमध्ये एका दुसऱ्या मजल्यावर बॅगांचं सवलतीचं दुकान काढलं. तेच ई. जे. कॉर्व्हेट. पुढे घरगुती उपकरणं आली, मग मोठी दालनं, फर्निचर, किराणा, आणि १९६० च्या दशकात थेट फिफ्थ अॅव्हेन्यूवर दुकान. ज्या मोठ्या दालनांच्या खाली भाव ठेवून ही साखळी वाढली, तिचा खर्च त्यांच्यासारखाच झाला. तोवर खालची जागा घ्यायला दुसरे आले होते: वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट ही तिन्ही दुकानं १९६२ या एकाच वर्षी सुरू झाली. कॉर्व्हेट १९८० मध्ये बंद पडलं.

इथे एक सावधगिरी, कारण नवखे विश्लेषक इथे हमखास फसतात. मार्जिन वाढलेलं दिसलं की दरवेळी चाक फिरलं असं समजू नका. समजा एक दुकान फक्त किराणा विकतं आणि विक्रीवर १० टक्के मिळवतं. नंतर ते २५ टक्के मार्जिनची सौंदर्यप्रसाधनं ठेवायला लागतं आणि ती एकूण विक्रीच्या पाचव्या भागाइतकी होतात. दुकानाचं सरासरी मार्जिन १३ टक्के होतं, पण किराणा विकत घेणाऱ्याला एक पैसाही जास्त पडत नाही. स्टॅन्ली हॉलंडर यांनी १९६० च्या लेखात मॅकनेअर यांच्या कल्पनेची उलटतपासणी केली. चाक फिरण्याच्या संभाव्य कारणांच्या यादीत त्यांनी हा भासही मांडला होता. म्हणून मी एकूण मार्जिनकडे बघतच नाही. त्याच मालाच्या त्याच वस्तूंची एक टोपली ठरवतो आणि तिच्यावरचा चढ वर्षागणिक बघतो. टोपलीवरचा चढ वाढला आणि सोबत विक्रीच्या प्रमाणात खर्चही वाढला, तर चाक फिरतंय. चढ वाढला पण खर्चाचं प्रमाण तेवढंच राहिलं, तर दुकान फक्त स्पर्धा कमी झाल्याचा फायदा घेतंय, आणि हे सुधारणं सोपं असतं, कारण भाव परत खाली आणता येतात. इमारत आणि पगार परत खाली आणता येत नाहीत.

मग चाक थांबवता येतं का? इच्छेवर सोडलं तर माझ्या पाहण्यात नाही. ज्यांनी थांबवलं किंवा निदान मंद केलं, त्यांनी स्वतःचे हात आधीच बांधून घेतले. सॉल प्राइस यांनी १९७६ मध्ये सान डिएगोला प्राइस क्लब काढून सभासदांसाठीचं गोदामवजा दुकान रूढ केलं. याच परंपरेतल्या कॉस्टकोने चढाची कमाल मर्यादा ठरवून ठेवली आहे: बाहेरच्या ब्रँडवर साधारण १४ टक्के आणि स्वतःच्या ब्रँडवर १५ टक्के. वरच्या बैठकीत 'दोन टक्के जास्त चढवू' हे वाक्य ज्या क्षणी येतं, तिथेच या मर्यादेमुळे चर्चा थांबते. नफ्याचा मोठा भाग सभासदत्वाच्या शुल्कातून येतो, त्यामुळे मालावर चढवण्याचा मोहही कमी राहतो. जर्मनीच्या आल्डीने वेगळा मार्ग घेतला. मोजक्याच वस्तू, बहुतेक स्वतःच्या ब्रँडच्या, माल खोक्यातच मांडलेला, ढकलगाडीसाठी नाणं ठेव म्हणून टाकायचं. वस्तू थोड्या असल्या की प्रत्येक वस्तूचा खप प्रचंड होतो, खरेदीचा भाव पडतो आणि फळ्या भरायला माणसं कमी लागतात. इथे खर्च वाढवायचा म्हटला तर दुकानाची सगळी घडीच बदलावी लागेल, आणि तो अडथळाच त्यांना वाचवतो. तरी आल्डीच्या दुकानांतही ताजा पाव आणि चांगले दिवे आलेच. चाक मंद झालं, पूर्ण थांबलं नाही.

आता तुमचा दुसरा भाग, म्हणजे क्रम. छोटी दुकानं, मग सुपरमार्केट, मग ऑनलाइन अशी शिडी मांडली की वाटतं प्रत्येक पायरीने आधीची पुसली. चाक हे सांगत नाही. खर्च वाढला की खाली जागा होते, एवढंच चाक सांगतं. शिवाय सगळे प्रकार खालूनच येतात असंही नाही. हॉलंडर यांनीच दाखवून दिलं की माल विकणारी स्वयंचलित यंत्रं सुरुवातीपासूनच महाग होती, आणि काही देशांत सुपरमार्केटही आधी श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी, चढ्या भावात आली. सेव्हन-इलेव्हन या छोट्या दुकानांच्या साखळीची सुरुवात १९२७ मध्ये डॅलसला बर्फाच्या गोदामात दूध, ब्रेड, अंडी ठेवण्यापासून झाली, आणि लोक तिथे स्वस्ताईसाठी येत नव्हते. वेळी-अवेळी, जवळच माल मिळणं यासाठी गिऱ्हाईक आनंदाने जास्त मोजतं. लहान दुकानं टिकतात ती याच हिशोबावर. लांब जाण्यातला वेळ आणि एकदम जास्त माल घेण्यात अडकणारा पैसा हाही गिऱ्हाइकाचा खर्चच असतो. त्याची बेरीज केली तर जवळचं 'महाग' दुकान बऱ्याचदा स्वस्त पडतं. हे कोणासाठी खरं आहे ते मात्र गाडी आहे का, घर किती मोठं, पगार रोजचा की महिन्याचा, यावर अवलंबून असतं, आणि इथे एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही.

ऑनलाइनमध्ये चाक फिरतं, पण ते गिऱ्हाइकाच्या बाजूने बघून सहज दिसत नाही. अॅमेझॉन १९९५ मध्ये पुस्तकं विकायला लागलं ते अगदी मॅकनेअर यांच्या वर्णनासारखं: रस्त्यावरचं दुकान नाही, सुरुवातीला स्वतःचा साठाही फारसा नाही, घाऊक वितरकाकडून माल घ्यायचा आणि पाठवायचा. २००५ मध्ये प्राइम आलं: वर्षाला ७९ डॉलर भरा आणि दोन दिवसांत माल घ्या. सुपरमार्केटच्या वाहनतळाची आणि वातानुकूलनाची जागा इथे पोचवण्याच्या वेगाने घेतली. दोन दिवसांचा एक दिवस, मग त्याच दिवशी. त्यासाठी गिऱ्हाइकाजवळ जास्त गोदामं, जास्त माणसं, जास्त गाड्या लागतात. खर्च तसाच चढला.

फरक इतकाच की २००० पासून तिथे बाहेरचे विक्रेतेही विकतात, आणि वाढलेला खर्च बराचसा त्यांच्याकडून वसूल होतो. काल्पनिक आकडे घेऊन बघा. विक्रेत्याने १०० ला वस्तू विकली. कमिशन १५. माल मार्केटप्लेसच्या गोदामात ठेवून पाठवायचा तर त्याचे १८. शोधलं की वस्तू वरच्या ओळीत दिसावी म्हणून जाहिरातीचे १०. परत आलेल्या मालापोटी ४. हातात ५३ उरले आणि त्यातून खरेदी, कर आणि स्वतःचा पगार काढायचा. मार्केटप्लेसच्या हिशोबात 'मार्जिन' नावाच्या ओळीत हे दिसणार नाही. पण १०० ची वस्तू आणि विक्रेत्याच्या हातातले ५३ यांच्यातलं अंतर म्हणजेच जुन्या भाषेतलं दुकानाचं मार्जिन. म्हणून मार्केटप्लेस चाकावर कुठे आहे हे बघायचं असेल तर विक्रेत्याला विचारा: शंभरातले किती हातात पडतात, आणि तीन वर्षांपूर्वी किती पडत होते? दुसरी खूण शोधाच्या पहिल्या पानावर आहे. तिथे जाहिरातीच्या जागा वाढत असतील तर मार्जिन चढतंय, छापील भाव स्थिर असला तरी.

या अंतराखालची जागा घ्यायला कोणी येतं का? येतं. २०२२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टेमू या चिनी मालाच्या ऑनलाइन मार्केटप्लेसने अगदी खालून हात घातला: कारखान्यातून थेट माल, भाव खूप कमी, पण पोचायला आठवडा-दोन आठवडे. वेग हाच ज्याचा खर्च, त्याच्याशी वेग नाकारून स्पर्धा. मात्र इथे मी विद्यार्थ्यांना नेहमी एक गोष्ट तपासायला लावतो: स्वस्ताई कशाच्या जोरावर आहे? कलनची स्वस्ताई कमी भाडं, कमी माणसं आणि जास्त खप यांतून आली होती, आणि ती दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर नव्हती. टेमूच्या अमेरिकेतल्या भावाला ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्क नसण्याच्या नियमाचाही मोठा आधार होता. चीनमधून येणाऱ्या मालासाठी ही सवलत २ मे २०२५ पासून बंद झाली आणि गणित एका दिवसात बदललं. गुंतवणूकदारांच्या पैशातून दिलेली सवलतही याच जातीची. तो पैसा आटला की भाव वर जातात, पण तेवढ्यावरून त्याला चाक फिरणं म्हणता येत नाही, कारण खर्च कमी कधीच नव्हता.

तुम्ही एखाद्या खऱ्या कंपनीवर हे लावून बघणार असाल तर पाच वर्षांचे वार्षिक हिशोब घ्या आणि दोनच ओळी शेजारी मांडा: विक्रीच्या टक्केवारीत चालू खर्च, आणि वर्षात माल किती वेळा फिरला. खर्चाचं प्रमाण चढतंय आणि माल फिरण्याचा वेग पडतोय, हे दोन्ही सलग तीन वर्षं दिसलं तर त्या कंपनीच्या खाली जागा मोकळी झालेली आहे. ती कोण घेईल हे या तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या कंपनीने गेल्या काही वर्षांत वाढवलेल्या सेवांची यादी करा आणि त्यातली कोणती सेवा नसली तरी तिचं निम्मं गिऱ्हाईक कमी भावासाठी दुसरीकडे जाईल ते शोधा. नवा माणूस बहुधा तीच सेवा वगळून येतो.